पाचशे अभिप्रायांचे नऊ गट

ग्राहकांनी लिहिलेल्या मोकळ्या अभिप्रायांचे विषयवार गट पाडायचे आणि प्रत्येक गटात किती अभिप्राय आले ते मोजायचे, हे काम कंपन्यांमध्ये बहुतेकदा इंटर्नकडे येते. तारांकित गुण संगणक आपोआप मोजतो. पण एक तारा दिलेल्या माणसाने खाली लिहिलेले ‘पिशवी गळत होती आणि फोनही उचलला नाही’ हे वाक्य कोणीतरी वाचावे लागते, ते कशाबद्दल आहे ते ठरवावे लागते आणि मगच ते आकड्यात येते. या ठरवण्याचे नियम जेवढे स्पष्ट, तेवढाच शेवटचा तक्ता भरवशाचा असतो.

उदाहरणासाठी पुण्यात रोज सकाळी घरपोच दूध देणारी एक कंपनी घेऊ. ग्राहक मोबाइल ॲपवर आदल्या रात्रीपर्यंत ऑर्डर बदलतो, पैसे आगाऊ भरलेल्या खात्यातून कापले जातात आणि दुधाच्या पिशव्या पहाटे दारातल्या पिशवीत पडतात. पुढचे आकडे पद्धत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, एका महिन्याच्या अभिप्रायांची फाइल काढली आणि तिच्यात ६४० ओळी निघाल्या.

वाचायला बसण्याआधी फाइल साफ करावी लागते. ॲपवरचे बटण दोनदा दाबले गेले की तोच मजकूर त्याच ऑर्डर क्रमांकाखाली दोनदा उमटतो. अशा ४४ ओळी काढल्या की ५९६ उरतात. त्यांतल्या ९६ ओळींत नुसते ‘ओके’, ‘छान’ किंवा एखादे चिन्ह असते. या ओळी फेकून द्यायच्या नसतात. ‘विषय नाही’ असा शेरा मारून त्या वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे पुढे कोणी विचारले तर हिशेब जुळतो. राहिलेले ५०० अभिप्राय हा मोजणीचा पाया. ग्राहकांची नावे, फोन नंबर आणि घरांचे पत्तेही याच टप्प्यावर गाळायचे; विश्लेषणाला ऑर्डर क्रमांक आणि परिसर पुरतो. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि अशी फाइल ईमेलवरून इकडेतिकडे फिरणे कोणत्याच ग्राहकाला आवडणार नाही.

यानंतरचा सोपा वाटणारा रस्ता म्हणजे शब्द शोधणे. एक्सेलला ‘उशीर’ शब्द असलेल्या ओळी मोजायला सांगितल्या की आकडा क्षणात मिळतो, पण तो दोन्ही बाजूंनी चुकतो. ‘कधीच उशीर झाला नाही, धन्यवाद’ हे कौतुक त्यात तक्रार म्हणून मोजले जाते. उलट ‘late aata hai’, ‘साडेसातला मुलं शाळेत गेली तरी दूध नाही’ आणि ‘ushira yeta’ या तिन्ही तक्रारी सुटतात, कारण पुण्यातला ग्राहक मराठी, हिंदी आणि इंग्रजी कोणत्याही लिपीत आणि कसेही मिसळून लिहितो. शब्दशोध चाचपणीला ठीक आहे. मोजणीसाठी मात्र वाचण्याला पर्याय नाही, आणि पाचशे अभिप्राय हे दोन-तीन दिवसांत नीट वाचून होणारे काम आहे.

गट आधी ठरवून वाचायला बसू नये. फाइलमधून वेगवेगळ्या आठवड्यांचे साठ-सत्तर अभिप्राय निवडायचे आणि प्रत्येकाचा आशय तीन-चार शब्दांत चिठ्ठीवर लिहायचा. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून सारख्या चिठ्ठ्या जवळ ठेवायच्या आणि ढिगाला नाव सगळ्यात शेवटी द्यायचे. जिरो काव्हाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने क्षेत्रभेटींतल्या विखुरलेल्या नोंदी जुळवण्यासाठी ही रीत घडवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात, आणि आज ती जगभरच्या कार्यालयांत रंगीत चिकटचिठ्ठ्यांच्या रूपात दिसते. नाव आधी ठरले की मजकूर ओढूनताणून त्यात बसवला जातो. नाव शेवटी दिले की ढीग काय सांगतो ते आधी पाहावे लागते.

ढीग केवढा असावा हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. दूध कंपनीच्या बाबतीत ‘डिलिव्हरी’ हे नाव पटकन सुचते आणि अडीचशेहून जास्त अभिप्राय त्यात सहज मावतात. पण त्या आकड्याचे पुढे कोणीच काही करू शकत नाही. उशीर हा गाडीच्या फेरीचा प्रश्न आहे, फुटलेली पिशवी हा क्रेट आणि पॅकिंगचा, तर डिलिव्हरी बॉयचे उर्मट बोलणे हा प्रशिक्षणाचा. तिघांची जबाबदारी तीन वेगळ्या माणसांकडे आहे. म्हणून कसोटी अशी लावावी: या गटातल्या तक्रारी एका माणसाला किंवा एका विभागाला सोडवता येतील का? येत नसतील तर गट फोडायचा. दोन गटांची तक्रार एकाच कारणाने मिटत असेल तर ते एकत्र करायचे.

गट ठरले की त्यांचे नियम एका पानावर उतरवायचे. प्रत्येक गटाचे नाव, त्यात काय येते, काय येत नाही आणि खऱ्या अभिप्रायांतली दोन उदाहरणे, एवढे त्यात असावे. ‘काय येत नाही’ हा रकाना बहुतेक जण भरत नाहीत, आणि घोळ नेमका तिथे होतो. ‘दूध महाग झाले, त्यात पैसेही दोनदा कापले’ हे किमतीत की बिलात? नियम म्हणतो, दर जास्त वाटणे म्हणजे किंमत, खात्यातली रक्कम चुकणे म्हणजे बिल. हा अभिप्राय दोन्हींत जातो.

एक अभिप्राय दोन-तीन गटांत जाऊ शकत असल्याने फाइलमध्ये ‘गट’ नावाचा एकच रकाना ठेवणे चुकीचे. प्रत्येक गटाला स्वतंत्र रकाना द्यायचा आणि अभिप्राय त्या गटाचा असेल तर १, नसेल तर ० लिहायचे. C रकान्यात तारे आणि D रकान्यात ‘उशीर’ असेल, तर उशिराचे एकूण अभिप्राय आणि त्यांतले दोन किंवा कमी तारे देणारे असे मिळतात:

```
=SUM(D2:D501)
=COUNTIFS(D2:D501,1,C2:C501,"<=2")
```

तक्रार आणि कौतुक यांचीही खूण वेगळी हवी. ‘चव’ या गटात ७० अभिप्राय दिसले तर चवीबद्दल ओरड आहे असे वाटेल. पण त्यांतले ४६ चव आवडल्याचे आणि २४ चव बदलल्याचे असतील तर अर्थ पार वेगळा होतो.

एकट्याने लावलेले शेरे किती टिकाऊ आहेत, हे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कळत नाही. शंभर अभिप्राय सहकाऱ्याला द्यायचे, सोबत नियमांचे पान द्यायचे आणि आपले शेरे झाकून ठेवायचे. समजा, ‘उशीर’ या गटाबाबत दोघांनी २२ अभिप्रायांवर ‘हो’ म्हटले, ६६ वर दोघांनी ‘नाही’ म्हटले आणि १२ वर मतभेद झाला. एकमत ८८ टक्के, म्हणजे उत्तम वाटते. पण बहुतेक अभिप्राय उशिराचे नाहीतच, त्यामुळे दोघांनी डोळे मिटून शेरे मारले असते तरी बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ जुळले असते. हे नशिबाने जुळणे वजा करणारे माप जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले. त्याला कप्पा म्हणतात. इथे पहिल्याने ३० वेळा आणि दुसऱ्याने २६ वेळा ‘हो’ म्हटले असेल तर नशिबाने होणारे एकमत सुमारे ६० टक्के येते आणि कप्पा ०.७० च्या आसपास. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग आणि एक म्हणजे पूर्ण एकमत, म्हणून हा आकडा वाईट नाही, पण निश्चिंत व्हावे असाही नाही.

आकड्यापेक्षा ते १२ मतभेद जास्त शिकवतात. दोघांनी समोरासमोर बसून ते वाचले तर त्यांतले बरेचसे ‘आज दूध आलंच नाही’ अशा प्रकारचे निघतात. एकाने ते उशिरात धरले, दुसऱ्याने धरले नाही, कारण नियमांचे पान त्याबाबत गप्प होते. दूध न येण्याची कारणेही वेगळी असतात: ॲपवरची ऑर्डर नोंदलीच गेली नाही, पिशवी शेजारच्या इमारतीत पडली किंवा दारातून कोणी उचलली. म्हणून ‘आले नाही’ हा नवा गट होतो आणि पाचशेच्या पाचशे अभिप्राय त्या दृष्टीने पुन्हा पाहावे लागतात. कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

याचा परिणाम तक्त्यावर लगेच दिसतो. आधी उशीर १४० आणि फुटलेल्या पिशव्या ११० होत्या, म्हणजे उशीर पहिला. गट फोडल्यावर उशीर ९२, आले नाही ४८, आणि पहिल्या क्रमांकावर फुटलेल्या पिशव्या आल्या. ग्राहकांनी एक अक्षरही बदललेले नाही. त्यामुळे ‘सर्वांत मोठी तक्रार कोणती’ या प्रश्नाचे उत्तर देताना गट कसे पाडले तेही सांगावे लागते. बिल, ऑर्डर थांबवण्याची सोय, चव, वागणूक, किंमत आणि इतर धरून एकूण नऊ गटांची बेरीज ६०५ होते आणि टक्केवारी १२१ भरते. ही चूक नव्हे, कारण एक अभिप्राय अनेक गटांत आहे. मात्र तक्त्याखाली तशी ओळ नसेल तर बैठकीतला पहिला प्रश्न तोच येतो. ‘इतर’मध्ये ३० अभिप्राय, म्हणजे सहा टक्के, उरले हे ठीक, ते पंधरा-वीस टक्क्यांवर गेले तर एखादा गट नजरेतून सुटला आहे असे समजावे.

टक्केवारीचा अर्थ लावतानाही सांभाळावे लागते. २२ टक्के अभिप्राय फुटलेल्या पिशव्यांचे आहेत, याचा अर्थ २२ टक्के पिशव्या फुटतात असा होत नाही. ज्यांचे दूध रोज वेळेवर आणि धड येते ते सहसा काहीच लिहीत नाहीत. लिहितात ते फार चिडलेले किंवा फार खूश झालेले. पिशव्या किती फुटतात हे परत केलेल्या रकमेच्या नोंदींतून पाहायचे. महिन्यांची तुलनाही फसवू शकते. आधीच्या महिन्यात ३०० अभिप्रायांत अशा तक्रारी ६६ असतील तर त्याही २२ टक्केच. या महिन्यात कंपनीने ‘अभिप्राय द्या’ असा संदेश पाठवला म्हणून लिहिणारे वाढले आणि संख्या ११० झाली, इतकेच.

उपयोगाचा आकडा बहुतेकदा गटाच्या आत सापडतो. पिव्होट टेबलमध्ये त्या ११० तक्रारी परिसरानुसार मांडल्या आणि ७१ कोथरूड व वारज्याच्या निघाल्या, तर लगेच निष्कर्ष काढू नये; आधी या परिसरांतून एकूण अभिप्राय किती आले ते पाहावे. पाचशेपैकी १५०, म्हणजे ३० टक्के आले असतील आणि फुटलेल्या पिशव्यांत त्यांचा वाटा मात्र ६५ टक्के असेल, तर दोन्ही परिसरांना दूध पुरवणाऱ्या वितरण केंद्रावर क्रेट कसे रचले जातात ते जाऊन पाहायला भक्कम कारण मिळते.

काही अभिप्राय मोजणीची वाट पाहत नाहीत. ‘दूध पिऊन मुलाला उलट्या झाल्या’ असे तीनच असले तरी तक्त्यात ते एका टक्क्याहूनही कमी दिसतील. असे अभिप्राय वाचनात आल्या दिवशीच ऑर्डर क्रमांकासह गुणवत्ता विभागाकडे जायला हवेत.

अखेरचा अहवाल एका पानाचा पुरतो. गटाचे नाव, अभिप्रायांची संख्या, पाचशेपैकी टक्के, तक्रार आणि कौतुक वेगवेगळे, आणि प्रत्येक गटासमोर ग्राहकाच्याच शब्दांत एक अभिप्राय. हा अभिप्राय सर्वांत झणझणीत नको, त्या गटात वारंवार येतो तसा हवा. सोबत नियमांचे पान आणि शेरे मारलेली फाइल जोडायची, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसरा इंटर्न आला तरी त्याच नियमांनी मोजेल आणि दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवता येतील.