दुधी हलवा नको म्हणून

घरच्या कार्यात मारलेल्या थापेवर विनोदी कथा लिहायला बसणारे बरेच जण सुरुवातीलाच चुकतात. ते थाप फार मोठी घेतात. नोकरी सुटलेली लपवली, लग्न लपवलं, की वाचक लगेच न्यायाधीश होऊन बसतो आणि हसायचं राहून जातं. थाप अशी हवी, की वाचकाने ती गेल्याच महिन्यात स्वतः मारलेली असावी.

'गोलमाल' (१९७९) पाहा. हॉकीचा सामना बघायचा म्हणून रामप्रसाद आई आजारी असल्याचं सांगून रजा घेतो. एवढंच. पण साहेब त्याला सामन्याला पाहतात आणि त्याला बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. पुढे साहेबांना दाखवायला आईसुद्धा उभी करावी लागते.

साखरपुड्याची एक गोष्ट रचून बघू. हॉल मंगळवारचाच मिळालेला. नवरीच्या भावाला दुधी हलवा घशाखाली उतरत नाही आणि आत्याने तो पहाटे उठून, स्वतः दुधी किसून केलाय. तिचं मन कशाला मोडा म्हणून तो म्हणतो, "आत्या, आज उपास आहे माझा."

आत्याचा चेहरा उजळतो. "अरे, मग हलवा चालतो की उपासाला! दूध, साखर, दुधी, तूप. दुसरं काय आहे त्यात?" आता हलवा खावाच लागणार आणि समोरचा मसालेभात मात्र गेला. खोट्याने पहिला दणका बोलणाऱ्यालाच द्यावा. तो अडकला की वाचक त्याच्या बाजूचा होतो.

यापुढे मात्र लेखकाने त्याला गप्प बसवावं. नवशिका लेखक त्याच्या तोंडी एकावर एक थापा घालतो आणि माणूस लबाड वाटायला लागतो. खरी गंमत इतरांच्या चांगुलपणाची आहे. पोरगा नुसत्या हलव्यावर कसा राहील म्हणून काकू आचाऱ्याकडे जाते. साबुदाणा भिजवलेला नाही, त्याला चार-पाच तास लागतात. तेव्हा भगर आणि दाण्याची आमटी ठरते. त्यासाठी जिलबीची कढई शेगडीवरून उतरते आणि पंगत लांबते. रिकाम्या बसलेल्या माणसांना विषय हवाच असतो. आजी विचारते, "कधीपासून धरलेस रे मंगळवार?" तो गोंधळून नुसता हसतो. आजीला वाटतं, बहिणीचं जमावं म्हणून नवस बोलला असणार. ती डोळे पुसते आणि मोठ्या कौतुकाने हे व्याह्यांच्या घोळक्यात सांगते.

व्याह्यांकडची मावशी पत्रिका बघणारी. मंगळवार, नवस, तोही बहिणीच्या लग्नासाठी? "मुलीला मंगळ तर नाही ना? आमच्यापासून लपवलंत की काय?" बिचारीच्या दृष्टीने शंका रास्तच आहे. गुरुजींना बोलावतात. गुरुजींना पुढच्या घरी वास्तुशांत आहे, पण पत्रिका पाहिल्याशिवाय ते बोलणार नाहीत. पत्रिका घरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली आईच्या पर्समध्ये. पर्स कुणाकडे, तर बाळाला झोपवायला गाडीत जाऊन बसलेल्या वहिनीकडे.

यातला प्रत्येक माणूस शहाण्यासारखाच वागतोय, वेडेपणा फक्त बेरजेत आहे. मधेच वीज गेली किंवा भलताच पाहुणा टपकला, तर तो लेखकाचा आळस. तपासायची रीत सोपी आहे: मधली एक घटना झाकून पुढे वाचायचं. कथा न अडखळता चालली, तर ती घटना फुकटची होती. भगर झाकली तर पंगत लांबत नाही, पंगत लांबली नाही तर आजीला बोलायला सवड मिळत नाही. म्हणजे भगर हवीच.

असल्या कथेला घरचं कार्य मानवतं, कारण तिथून उठून जाता येत नाही. मुहूर्त डोक्यावर, साक्षीदार शंभर, आणि ज्याला खरं सांगायचं तो नेमका मानाच्या खुर्चीवर. खरं बोलायची संधी वेळोवेळी द्यावी, पण दर वेळी ती महाग करत न्यावी. आत्यापुढे ते नुसत्या हसण्यावारी गेलं असतं. आजीच्या डोळ्यांत पाणी आल्यावर कसं बोलणार?

शेवटी माफी आणि भाषण आलं की कथा मेलीच. त्यापेक्षा पोराला खरं बोलू द्यावं आणि कुणी विश्वासच ठेवू नये. "मला दुधी हलवा आवडत नाही, बाकी काही नाही," तो सगळ्यांसमोर ओरडतो. मावशी त्याच्या पानातल्या, आत्याने तिसऱ्यांदा वाढून संपवायला लावलेल्या रिकाम्या वाटीकडे बघते. "बघा, बहिणीसाठी किती खोटं बोलतोय!" गुरुजी घड्याळ बघून तोडगा सांगतात: मंगळ असो-नसो, भावाने एकवीस मंगळवार पुरे करावेत. दोन्हीकडची मंडळी हायसं वाटून अंगठ्या काढतात. आत्या जाहीर करते, दर मंगळवारी हलव्याचा डबा ती स्वतः पोचवेल.