प्यायलेलं कोलाजेन गुडघ्यात जाऊन बसत नाही

खांदेश्वर मंदिराच्या तळ्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये गुडघा हा राजकारणाइतकाच लाडका विषय आहे. कुणाची वाटी झिजलेली असते, कुणाचं वंगण संपलेलं असतं, कुणाच्या एक्स-रेत गॅप कमी झालेली असते. हल्ली या सगळ्या तक्रारींवर एकच उतारा सांगितला जातो: कोलाजेन घ्या. सासूबाईंनी सांध्यांसाठी घ्यायचं, सुनेने चेहऱ्यासाठी. ज्यांना डब्यातली पावडर परवडत नाही किंवा पटत नाही, त्यांनी रविवारी मटणवाल्याकडून पाये भाजून आणायचे आणि कुकरला लावायचे. मागचा तर्क असा, की सांध्यातली कूर्चा कोलाजेनची, त्वचाही कोलाजेनची, म्हणून कोलाजेन प्यायलं की ते तिथे जाऊन भर घालणार. या न्यायाने टक्कल पडलेल्याने केस खायला हवेत.

हा गैरसमज इतका चिवट आहे की डॉक्टरांनी समजावलं तरी माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन चमचाभर पावडर कोमट पाण्यात ढवळतात. म्हणून पोटात गेल्यावर तिचं काय होतं ते एकदा पायरीपायरीने पाहू.

कोलाजेन म्हणजे अमिनो आम्लांच्या तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळून झालेला दोर. प्रत्येक साखळीत सुमारे 1000 अमिनो आम्लं असतात आणि दर तिसरं ग्लायसीन असतं. ही तिपेडी रचना 1954 साली मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडली. हा पीळ आहे तोवर दोर मजबूत. उष्णता लागली की पीळ सुटतो आणि त्या सुटलेल्या साखळ्यांनाच आपण जिलेटिन म्हणतो. पायाचं सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी भांड्यात थरथरतं, ते या जिलेटिनमुळे. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतच कोलाजेनचं कोलाजेनपण संपलेलं असतं. डब्यातली पावडर तर त्याच्याही पुढे गेलेली असते. कारखान्यात विकरं घालून त्या साखळ्यांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात, म्हणून ती पाण्यात विरघळते आणि गोठत नाही.

उरलेलं काम पोट करतं. जठरात पेप्सिन या साखळ्या तोडतं, लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून येणारी ट्रिप्सिन आणि तिच्या जोडीची विकरं आणखी बारीक करतात, आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं शेवटचा हात फिरवतात. रक्तात शिरतात ती सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे. जुनी मोहनमाळ सोनाराच्या मुशीत टाकली की सोनं उरतं, माळ उरत नाही. डाळ, अंडं, बोंबील आणि पाया यांच्यातली अमिनो आम्लं रक्तात एकाच साठ्यात मिसळतात, आणि कुठलं आम्ल कुठून आलं याची नोंद शरीर ठेवत नाही.

साठ किलोच्या माणसाचा हिशेब मांडू. शरीरात दिवसाला ढोबळमानाने दोनशे ते अडीचशे ग्रॅम प्रथिनं मोडतात आणि तितकीच नव्याने बांधली जातात. त्या उलाढालीत पावडरीचे 10 ग्रॅम येऊन पडतात. त्यातला किती भाग स्नायूला, किती यकृताला, किती नुसता जाळून टाकायचा हे शरीर आपल्या गरजेनुसार ठरवतं. डब्यावर गुडघ्याचं चित्र आहे हे त्याला ठाऊक नसतं.

कोलाजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, ते इतर प्रथिनांत जवळपास सापडत नाही. जाहिरातवाले त्याकडेच बोट दाखवतात: हा खास कच्चा माल दुसरीकडून कुठून मिळणार? गंमत अशी, की शरीराला तो बाहेरून आलेला चालतच नाही. पेशी कोलाजेनची साखळी बांधते तेव्हा साधं प्रोलिन जोडते, आणि साखळीत बसल्यावर त्यातल्या काही प्रोलिनचं रूपांतर हायड्रॉक्सिप्रोलिनमध्ये करते. तयार हायड्रॉक्सिप्रोलिन साखळीत ओवायची सोयच पेशीत नाही. मार्जोरी स्टेटन या अमेरिकी संशोधिकेने 1949 साली उंदरांना जड नायट्रोजनची खूण केलेलं हायड्रॉक्सिप्रोलिन खाऊ घालून हे तपासलं होतं. उंदरांच्या कोलाजेनमध्ये ती खूण जेमतेम सापडली. प्रोलिनला खूण केली तेव्हा मात्र ती कोलाजेनच्या हायड्रॉक्सिप्रोलिनमध्ये उतरली. ज्या रूपांतराबद्दल आपण बोलतोय त्याला क जीवनसत्त्व लागतं. ते दीर्घकाळ मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. ज्याच्या आहारात आवळा, पेरू, लिंबू आणि पुरेशी प्रथिनं आहेत, त्याच्या पेशी कोलाजेनसाठी कुणाच्या डब्यावर अवलंबून नसतात.

इथे विक्रेत्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती खरी आहे. सगळंच्या सगळं कोलाजेन सुट्या अमिनो आम्लांपर्यंत मोडत नाही. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांची जोडी विकरांना सहज दाद देत नाही आणि तशीच रक्तात उतरते. जपानी संशोधकांनी 2005 मध्ये उपाशीपोटी 9 ते 23 ग्रॅम जिलेटिनचे तुकडे प्यायलेल्या माणसांच्या रक्तात या जोड्या मोजल्या. एक-दोन तासांत त्यांचं प्रमाण शिगेला पोचलं आणि चौथ्या तासाला निम्म्यावर आलं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या त्वचापेशींवर अशा जोडीचा परिणाम दिसतो, हेही खरं. पण म्हणजे दावा बदलला की नाही? ‘कोलाजेन जाऊन सांध्यात बसतं’ इथून आपण ‘एक छोटा तुकडा काही तास रक्तात फिरतो आणि कदाचित पेशींना इशारा देतो’ इथे आलो. दुसरं विधान अभ्यासण्याजोगं आहे, पण डब्यावर छापलेलं असतं ते पहिलं.

गुडघ्याच्या बाबतीत तर कूर्चेचा स्वभावच आड येतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. आणि प्रौढ वयात तिचं कोलाजेन जवळपास नव्याने घडतच नाही. हे कळलं ते अणुस्फोटांमुळे. 1950 आणि 60च्या दशकांत झालेल्या चाचण्यांमुळे हवेतलं किरणोत्सारी कार्बन-14 एकदम वाढलं आणि नंतर हळूहळू उतरत गेलं. कुठल्या वर्षी किती होतं याची नोंद आहे, त्यामुळे शरीरातला एखादा पदार्थ कधी घडला ते त्यातल्या कार्बनवरून काढता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलाजेन असं तपासलं. निरोगी गुडघा असो की झिजलेला, कोलाजेन वाढीच्या वयातलंच निघालं. साठीच्या माणसाच्या गुडघ्यात ज्या तंतूंची भर घालायची म्हणून तो पावडर पितो, ते त्याच्या शाळकरी वयात विणलेले असतात आणि तिथली वीण तेव्हाच थांबलेली असते. आणि हो, ‘वंगण’ म्हणतात तो सांध्यातला द्रव कोलाजेनचा नसतोच. त्याचा चिकटपणा हायलुरोनिक आम्लाचा.

यंत्रणा काही असो, आराम पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका इथे मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांना रोज 10 ग्रॅम याप्रमाणे 24 आठवडे ही पावडर दिली होती. एकत्रित आकडेवारीत ती आणि खोटी पुडी यांच्यात लक्षणीय फरक निघाला नाही, सुधारणा दिसली ती मुख्यतः जर्मनीतल्या रुग्णांत. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2011 मध्ये एका कंपनीचा दावा तपासला आणि सांध्यांच्या आरोग्याशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. लहानसहान चाचण्यांत वेदना थोडी कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत, पण गुडघेदुखी मुळात चढउतार असणारी. ती वाढलेली असते तेव्हाच माणूस डबा विकत घेतो आणि ती आपोआप उतरते तेव्हा श्रेय डब्याला जातं.

त्वचेचा पुरावा वरवर बरा दिसतो. 2025 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या एकत्र धरल्या तर ओलावा, लवचीकपणा आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसली. मग लेखकांनी चाचण्यांना पैसे कुणी दिले ते पाहून गट पाडले. कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या चाचण्यांत फायदा नाहीसा झाला, दर्जेदार चाचण्यांतही नाहीसा झाला. यावर मी वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आता पाया सूप. त्याच्याशी माझं भांडण नाही. आलं-लसूण, मिरी घालून पावसाळ्यात ते फर्मास लागतं आणि आजारी माणसाच्या घशाखाली सहज उतरतं. पण औषध म्हणून प्यायचं तर त्यात किती आहे ते बघा. जेमतेम गोठणाऱ्या सुपात साधारण दोन टक्के जिलेटिन धरलं, तर 200 मिलिलिटरच्या वाटीत चारेक ग्रॅम होतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असतं आणि तेही सर्वांगपूर्ण. कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नाही, म्हणून जेवणातलं प्रथिन म्हणून ते मोजू नये. शिवाय चार हाडं आणि लांबलचक उकळ म्हणजे काय मिळणार हे दर भांड्याला वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2019 मध्ये हाडांच्या सुपांची तपासणी केली, तेव्हा चाचण्यांत वापरतात तेवढी अमिनो आम्लं त्यातून खात्रीने मिळतील असं दिसलं नाही.

आता याच विषयाभोवतीचे आणखी काही समज. हाडांच्या सुपातून भरपूर कॅल्शियम मिळतं: नाही, हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही, त्यापेक्षा वाटीभर दही किंवा नाचणीची भाकरी बरी.

शाकाहारी कोलाजेन: बाजारात हिरव्या ठिपक्याने जे मिळतं त्यात बहुधा कोलाजेन नसतं, क जीवनसत्त्व, बायोटिन आणि वनस्पतींचे अर्क असतात. कोलाजेन प्राण्यांच्याच शरीरात होतं.

माशाचं कोलाजेन जास्त ‘शोषलं’ जातं: माशाचं असो की जनावराचं, पोटात दोघांचीही गत तीच, वर माशांची अ‍ॅलर्जी असेल तर ते टाळलेलंच बरं.

नैसर्गिक आहे, त्याने काय बिघडणार: ज्यांना मूतखड्याचा इतिहास आहे त्यांचं बिघडू शकतं. न वापरलं गेलेलं हायड्रॉक्सिप्रोलिन शरीरात मोडताना त्याचं ऑक्झलेट होतं, आणि 30 ग्रॅम जिलेटिन घेतलेल्या निरोगी माणसांच्या लघवीतही ते वाढल्याचं मोजलं गेलं आहे. तुम्हाला पूर्वी खडा झाला असेल तर डबा उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गुडघ्याला खरोखर आराम हवा असेल तर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि थोडं वजन उतरवणं या दोन गोष्टींचा पुरावा कोलाजेनपेक्षा कितीतरी भक्कम आहे. अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताचे रुग्ण चालताना मोजले, तेव्हा एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असं आढळलं.