पावसाळा संपल्यावर विचारायचे चार प्रश्न

टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं काम देताना सोसायटीची कमिटी कोटेशन बघते आणि गॅरंटीची वर्षं बघते. त्यानंतर एक प्रश्न हमखास येतो : "याआधी कुठे काम केलंय? त्यांना विचारलं तर काय सांगतील?" या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुतेक कंत्राटदारांकडे इमारतींची यादी असते. फार तर "काम उत्तम झाले, धन्यवाद" असं लेटरहेडवर लिहिलेलं एखादं पत्र असतं. कमिटीतल्या कुणाचंच त्या पत्राने समाधान होत नाही. असं पत्र रंगकाम करणाऱ्यालाही मिळतं आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्यालाही मिळतं. त्यात गळतीबद्दल एक अक्षरही नसतं.

यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा दोष नाही. त्यांना "मॅडम, दोन शब्द लिहून द्या" असं सांगितलेलं असतं. काम मनासारखं झालेलं असतं, लिहून द्यायची इच्छाही असते. पण कोरा कागद समोर आला की कशाबद्दल लिहायचं, किती लिहायचं, कुठून सुरुवात करायची हे सगळं त्यांनीच ठरवायचं असतं. मग तो निरोप उद्यावर जातो, उद्याचा परवावर, आणि शेवटी एक तर काहीच येत नाही किंवा ते लेटरहेडवरचं एक वाक्य येतं. हेच काम तीन-चार नेमक्या प्रश्नांत वाटून दिलं, तर लिहिण्याचं ओझं उतरतं. निबंध लिहायला बसावं लागत नाही, विचारलं तेवढं सांगायचं असतं, आणि सांगणं सगळ्यांनाच जमतं.

प्रश्न कोणते, याआधी ते कधी विचारायचे हे ठरवावं लागतं. टेरेसचं काम साधारण उन्हाळ्यात होतं, मे अखेरपर्यंत संपवायची धडपड असते. शेवटचं बिल चुकतं झालं त्या दिवशी अभिप्राय मागितला, तर ग्राहक काय सांगणार? मजूर वेळेवर आले, राडारोडा उचलला, बोलणं नीट होतं, इतकंच. गळती थांबली की नाही हे त्यांनाही अजून ठाऊक नसतं. पाणी भरून घेतलेली चाचणी हा एक पुरावा आहे, पण वाऱ्यासह तिरका मारणारा पाऊस ती चाचणी दाखवत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर जाऊ द्यावेत. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या रंगकामाचा विषय निघतो तेव्हा, वरच्या मजल्यावरची माणसं आपल्या छताकडे निरखून बघतातच. विचारण्याची वेळ ती. कामाचा परिणाम जेव्हा कळतो तेव्हा विचारायचं, हे इतर व्यवसायांनाही लागू आहे. केटररला ते दुसऱ्या दिवशीच कळतं, वॉटरप्रूफिंगवाल्याला चार महिने थांबावं लागतं.

आता एक उदाहरण घेऊ. ठाण्यातली एक चार मजली, पंचवीसेक वर्षं जुनी इमारत. एप्रिलमध्ये टेरेसचं काम झालं, पावसाळा पार पडला. कंत्राटदाराने सेक्रेटरींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा निरोप असा असू शकतो :

"नमस्कार मॅडम. आपल्या टेरेसच्या कामाला एक पावसाळा झाला. नव्या सोसायट्या आम्हाला विचारतात, आधीच्या लोकांचा अनुभव काय? त्यासाठी खाली चार प्रश्न देत आहे. एकेका ओळीत उत्तर दिलंत तरी पुरे, किंवा बोलून पाठवा. एखादा प्रश्न सोडलात तरी चालेल.

१. काम करायच्या आधी नेमका काय त्रास होता?
२. आम्हाला काम देताना मनात कसली शंका होती?
३. काम चालू असताना कुठली गोष्ट लक्षात राहिली?
४. या पावसाळ्यात काय फरक दिसला, आणि काही राहून गेलं असेल तर ते काय?"

चारही प्रश्न मुद्दाम असे आहेत की त्यांना "हो" किंवा "नाही" असं उत्तर देता येत नाही. "आमचं काम आवडलं का?" असं विचारलं की समोरचा माणूस "हो, छान" म्हणून मोकळा होतो. "आमची सेवा तुम्हाला किती उत्तम वाटली?" हा प्रश्न तर त्याहून वाईट, कारण उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घालतो. प्रश्नांची संख्याही जपावी. दहा प्रश्न पाठवले की तो सरकारी फॉर्म होतो आणि आपण जी अडचण दूर करायला निघालो तीच परत येते.

चारांतला सगळ्यात मोलाचा प्रश्न दुसरा, शंकेचा. तो विचारायला कंत्राटदार कचरतात. आपणहून कमीपणा का ओढवून घ्यायचा, असं त्यांना वाटतं. पण नव्या कमिटीच्या मनात जी शंका आज आहे, तीच शंका या सेक्रेटरींच्या मनात मागच्या वर्षी होती. ती त्यांच्या तोंडून ऐकली आणि तिचं पुढे काय झालं तेही ऐकलं, की वाचणाऱ्याला हे आपल्यासारख्याच माणसाचं बोलणं आहे हे पटतं. मुंबईत वाढलेले आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले मार्केटिंग लेखक शॉन डिसूझा यांनी 'द ब्रेन ऑडिट' या पुस्तकात अभिप्राय मागण्यासाठी सहा प्रश्न दिले आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न हा आहे की, विकत घेण्यापासून तुम्हाला कुठली गोष्ट अडवत होती. मी मात्र त्रासाचा प्रश्न आधी आणि शंकेचा नंतर ठेवते. आपल्याकडे पहिल्याच झटक्यात "शंका काय होती?" विचारलं तर भिडस्त माणूस "छे, शंका कसली!" म्हणून विषय मिटवतो. छताचे पोपडे आणि खाली लावलेल्या बादल्या एकदा बोलून झाल्या, की पुढचं मोकळेपणाने येतं.

आता उत्तरं बघू. सेक्रेटरी स्वयंपाक करता करता बोलून पाठवतात. टाइप करण्यापेक्षा हे बऱ्याच जणांना सोपं जातं, आणि बोलण्यात तपशीलही जास्त येतात. त्या सांगतात, "चौथ्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटना दर वर्षी त्रास. बेडरूमच्या छताला पोपडे, कपाटाला बुरशी. आधी एकाने वरून नुसता कोट मारला होता, तो एका पावसात गेला. म्हणून आमच्या मीटिंगमध्ये तुमच्या कोटेशनवरून वादच झाला. पुन्हा पैसे पाण्यात जाणार, असं काही जण म्हणत होते. पण जुना कोबा फोडल्यावर तुम्ही आम्हाला वर बोलावलंत आणि कठडा आणि स्लॅब जुळतात तिथली भेग दाखवलीत, ते मला आवडलं. मग पाणी भरून दोन दिवस ठेवलं, तेव्हा खालची छतं तुम्ही आम्हाला सोबत घेऊन बघितलीत. या पावसाळ्यात दोन्ही बेडरूम कोरड्या राहिल्या. एका घरी खिडकीपाशी ओल आहे अजून, पण ती बाहेरच्या भिंतीची, टेरेसच्या कामात ती जाणार नाही असं तुम्ही आधीच सांगितलं होतं."

हे सगळं जसंच्या तसं छापायला लांब आहे, म्हणून ते आटोपशीर करावं लागतं. इथे एकच नियम पाळायचा : कापायचं, पण घालायचं काही नाही. शब्द त्यांचेच राहू द्यायचे. तयार मजकूर साधारण असा होईल : "आधी एकाने वरून नुसता कोट मारला होता, तो एका पावसात गेला. पुन्हा पैसे पाण्यात जाणार, असं काही जण म्हणत होते. जुना कोबा फोडल्यावर तुम्ही आम्हाला वर बोलावलंत आणि कठडा आणि स्लॅब जुळतात तिथली भेग दाखवलीत. या पावसाळ्यात दोन्ही बेडरूम कोरड्या राहिल्या. एका घरी खिडकीपाशी ओल आहे अजून, पण ती बाहेरच्या भिंतीची, टेरेसच्या कामात ती जाणार नाही असं तुम्ही आधीच सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य कापायचा मोह कुणालाही होईल. माझ्या मते या अभिप्रायातलं ते सगळ्यात भक्कम वाक्य आहे. कामाची हद्द कुठे संपते हे कंत्राटदाराने आधी सांगितलं होतं, आणि ग्राहकाला ते आठवतंय. भिंतीची ओल टेरेसच्या माथी मारून भांडणं होतात, हे कुठल्याही कमिटीला अनुभवाने ठाऊक असतं. हे वाक्य वाचून ती निश्चिंत होते. वाक्य काढून टाकलं तर अभिप्राय खोटा होत नाही, पण अर्धा नक्कीच होतो.

चौथ्या प्रश्नाला वेगळंही उत्तर येऊ शकतं : "जिन्याच्या खोलीत ऑगस्टपासून पुन्हा टपकतंय." असं उत्तर आलं की अभिप्रायाचा विषय तिथेच थांबवायचा, माणूस पाठवून जागा बघून घ्यायची आणि दुरुस्ती करायची. दुरुस्तीच्या बदल्यात चांगलं लिहून मागणं हा शुद्ध सौदा आहे आणि तो ग्राहकाला लगेच कळतो. पुढच्या बिलात सूट, भेटवस्तू, हे बदल्यात देणंही तितकंच चुकीचं. आपणच चार गोड वाक्यं टाइप करून फक्त सही मागण्याची पद्धतही चांगलीच रुळलेली आहे. ग्राहकाचे कष्ट वाचतात हे खरं, पण ती ओळखू येते : तीन वेगवेगळ्या सोसायट्यांची पत्रं शेजारी ठेवली की वाक्यरचना एकच निघते. कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जाहिरातीत एखाद्या उत्पादनाची किंवा सेवेची भलामण करणाऱ्याचं मत प्रामाणिक हवं, सध्याचं हवं आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा, असं त्यांत म्हटलं आहे. एकही पावसाळा न बघितलेलं "गळती कायमची बंद" हे वाक्य या कसोटीवर उतरत नाही. काही व्यवसायांना तर हा रस्ताच बंद आहे. वकिलांना बार कौन्सिलचे नियम जाहिरात करू देत नाहीत आणि डॉक्टरांवरही त्यांच्या आचारसंहितेचं कडक बंधन आहे, म्हणून त्यांनी हे प्रश्न फार तर आपलं काम सुधारण्यासाठी विचारावेत.

मजकूर तयार झाला की तो मॅडमना परत पाठवायचा आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारायच्या : यात काही बदलायचं आहे का, आणि नाव कसं द्यायचं? सेक्रेटरी सोसायटीच्या वतीने बोलत असतील तर त्यांना कमिटीला विचारावं लागतं, त्यासाठी आठवडाभर द्यावा. काहींना पूर्ण नाव चालतं, काहींना फक्त "सेक्रेटरी, ठाणे पश्चिमेतली एक सोसायटी" इतकंच हवं असतं. उत्तर लेखी मिळालेलं असावं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं "चालेल" सुद्धा पुरतं. पहिल्या निरोपालाच उत्तर आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. तीही फुकट गेली तर विषय सोडून द्यावा.

अभिप्रायाखाली महिना आणि वर्ष नक्की लिहावं. एका पावसाळ्यानंतरचं बोलणं आणि तीन पावसाळ्यांनंतरचं बोलणं यांचं वजन सारखं नसतं. गॅरंटी अनेक वर्षांची दिलेली असते, आणि कमिटीला धाकधूक असते ती पुढच्या वर्षांचीच. म्हणून तिसऱ्या पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये त्याच मॅडमना एक ओळ पाठवावी : "नमस्कार मॅडम, तीन पावसाळे झाले. त्या दोन बेडरूमची छतं आता कशी आहेत?" जे उत्तर येईल ते जुन्या मजकुराखाली नव्या तारखेने जोडावं.