हक्काची रजा, विनंतीची वेळ

"सर, मी प्रेग्नंट आहे, जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या," असं म्हणून अनेकजणी हा विषय तोंडीच उरकतात. त्यावर साहेबही "हो, बघू" म्हणतात. पुढे साहेबांची बदली झाली की काय ठरलं होतं, याचा कागदावर कुठेच पुरावा राहत नाही.

म्हणून पत्र लिहायचं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण कायद्यानेच त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रसूतीची रजा हा हक्क आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे मिळते आणि त्यांतले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेलं असावं, ही त्यातली अट. सोयीच्या वेळेचं मात्र तसं नाही. घरून काम करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती रजा संपल्यानंतरची, कामाचं स्वरूप पाहून दोघांच्या संमतीने ठरणारी. गरोदरपणातली वेळेची सवलत साधारणपणे विनंती करूनच मिळवावी लागते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातली कर्मचारी पत्र लिहिते आहे. डॉक्टरांनी 20 डिसेंबर ही तारीख दिली आहे. पहिल्या परिच्छेदात ती तारीख आणि 25 ऑक्टोबरपासून रजेवर जाण्याचा बेत येतो; ही रजा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला की पुरे. तपासण्यांचे सगळे रिपोर्ट साहेबांना दाखवण्याची गरज नाही.

दुसऱ्या परिच्छेदात विनंती येते. "वेळेत सवलत मिळावी" एवढंच लिहिलं, तर नेमकं काय मंजूर करायचं हे साहेबांना कळत नाही. त्याऐवजी ती लिहिते : "सकाळी साडेनऊ ते सहाऐवजी अकरा ते साडेसात अशी वेळ मिळावी, म्हणजे गर्दीच्या वेळचा प्रवास टळेल. मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करेन. महिनाअखेरीचे हिशेब बंद करण्याच्या दिवसांत कार्यालयात हजर असेन. ही व्यवस्था रजेवर जाईपर्यंत असावी आणि महिन्याभराने तिचा आढावा घ्यावा."

महिनाअखेरीचं वाक्य इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतं. आपली अडचण कशी सुटेल, हे साहेबांना त्यातच दिसतं.

कारखान्यात किंवा दुकानात दिवसभर उभं राहावं लागत असेल, तर आणखी एक हक्क आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही अगोदरचा एक महिना, स्त्रीने विनंती केल्यावर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. 20 डिसेंबरच्या हिशेबाने हा महिना 8 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. ही विनंतीही त्याच पत्रात करता येते.

पत्र साहेबांना ईमेलने पाठवून एचआरला प्रत द्यावी. साहेबांनी तोंडी होकार दिला, तर त्याच दिवशी "आज ठरल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून ठरलेल्या वेळा त्यांना लिहून पाठवाव्यात.