उरलेल्या चुकांचा शेजार

नेदरलँड्समधल्या स्टाइन गावाजवळ, म्यूज नदीच्या पूरमैदानातून घेतलेले मातीचे 155 नमुने नकाशाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगले ओळखीचे आहेत. जस्त हे पिकांचे सूक्ष्म अन्नद्रव्य, पण इथे नदीने गाळाबरोबर ते भरमसाट आणून टाकले आहे. किलोभर मातीत 113 पासून 1839 मिलिग्रॅमपर्यंत. नदीपासून दूर जावे तसे ते घटते. जस्ताचा लॉगरिदम आणि अंतराचे वर्गमूळ घेऊन रिग्रेशन केले, तर नमुन्यांमधल्या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एवढ्यानेच उलगडतो.

मग याच सूत्राने सगळा नकाशा रंगवावा का? साधे रिग्रेशन असे धरून चालते, की सूत्राच्या चुका एकमेकींशी संबंधित नाहीत. शेजारच्या जागांचे जस्त सारखे असते, म्हणून रिग्रेशन बाद, असे अनेक जण घाईने म्हणतात. ते चूक आहे. मूळ आकडे सारखे असले तरी हरकत नाही, कारण शेजारच्या जागांचे नदीपासूनचे अंतरही सारखेच असते. तपासायचे ते सूत्राने सांगून झाल्यावर जे उरते त्याचे.

पहिले तीन नमुने बघा. सूत्र साधारण 990, 820 आणि 480 सांगते. मातीत निघाले 1022, 1141 आणि 640. शे-दीडशे मीटरच्या टप्प्यातल्या या तिन्ही ठिकाणी सूत्र कमीच सांगते. चौथ्या ठिकाणी मात्र ते जास्त सांगते. म्हणजे तीन नमुन्यांवरून काही ठरत नाही.

त्यासाठी मोरान यांचा निर्देशांक आहे. प्रत्येक नमुन्याचे शेजारी ठरवायचे, समजा सर्वात जवळचे पाच, आणि त्याची चूक शेजाऱ्यांच्या चुकांशी ताडून बघायची. संबंध नसेल तर उत्तर शून्याच्या जवळ येते. ठळक धन आले तर चुका गटागटाने आहेत. चुका सूत्रातूनच निघालेल्या असल्याने चाचणीही रिग्रेशनच्या अवशेषांसाठी बेतलेली वापरावी लागते. शेजारी पाच की दहा, यानेही आकडा हलतो, म्हणून दोन-तीन पर्याय करून बघितलेले बरे.

म्यूजच्या अवशेषांमध्ये काही शे मीटरपर्यंत साम्य उरतेच. अंतराचा नियम त्यामुळे खोटा ठरत नाही, पण 155 नमुने 155 स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत, आणि सूत्राची खात्री कागदावर दिसते त्याहून कमी असते. आधी एखादा कारक राहून गेला का ते पाहावे. इथे पूर किती वेळा येतो हा एक. तरीही साम्य उरले, तर सूत्राच्या अंदाजात आसपासच्या चुकांवरून काढलेली दुरुस्ती मिळवतात. यालाच रिग्रेशन क्रिगिंग म्हणतात.

चाचणीने काहीच दाखवले नाही, तर नमुने किती दूरदूर घेतले होते ते आधी विचारावे. साम्य तीनशे मीटरमध्ये विरत असेल आणि नमुने किलोमीटरभर अंतरावर असतील, तर चाचणीला ते दिसणारच नाही.