‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र नव्हे!

वडिलांच्या नावावर जुने शेअर्स असतात आणि दरवर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल घरी येतो. आपण लाभांशाचा आकडा पाहतो आणि तो रद्दीत टाकतो. त्यात ऑडिटरचा अहवाल असतो. एखाद्या वर्षी त्यावर ‘क्वालिफाइड ओपिनियन’ असे शीर्षक दिसले, तर अनेकांना ती शाबासकीच वाटते. डॉक्टर क्वालिफाइड, इंजिनिअर क्वालिफाइड, तसे हे मतही असेल! प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. हे ‘अट घालून दिलेले’ मत असते. ऑडिटर म्हणतो, “एवढी एक बाब वगळता हिशेब सत्य व वाजवी चित्र दाखवतात.” खरी गोष्ट त्या ‘वगळता’मध्ये असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावजवळ ओतकामाचा एक कारखाना आहे. ३१ मार्चला त्याने १२ कोटींचा माल शिल्लक दाखवला आणि वर्षाचा करपूर्व नफा ४ कोटी. ऑडिटर मुख्य गोदामात मोजणीला हजर होता, तिथले आकडे जुळले. पण दुसऱ्या गोदामातल्या अडीच कोटींच्या मालाची मोजणीच झाली नव्हती आणि तिथली मालाची नोंदवही जानेवारीनंतर लिहिलेली नव्हती. खरेदीची बिले आणि पाठवणीची चलने लावून पाहिली, तरी हिशेब लागला नाही.

अशा वेळी ‘बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन’ या शीर्षकाखाली ऑडिटर लिहितो, की या अडीच कोटींच्या मालाबद्दल आम्हाला पुरेसा पुरावा मिळाला नाही. माल नाहीच, असे तो म्हणत नाही. आहे असे सांगता येत नाही, एवढेच म्हणतो. आता वाचकाने वजाबाकी करायची. शिल्लक माल कमी झाला की नफा तेवढाच कमी होतो. म्हणजे तो माल मुळीच नसेल, तर ४ कोटींचा नफा दीड कोटीवर येतो. शिवाय यंदाचा अखेरचा माल हाच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा माल असतो, म्हणून ही शंका पुढच्या वर्षाच्या नफ्यातही शिरते.

क्वालिफाइड मताला दुसरेही कारण असू शकते. पुरावा आहे, पण कंपनीची नोंदच चुकीची आहे, असे ऑडिटरचे म्हणणे असते. उदाहरणार्थ, बुडालेली येणी अजून वसूल होणारी म्हणून दाखवणे. तेव्हा शक्य असेल तर तो फरकाचा आकडाही देतो. दोष सगळ्या हिशेबभर पसरलेला असेल, तर ‘वगळता’ पुरत नाही. मग मत ‘अ‍ॅडव्हर्स’ होते, किंवा पुराव्याअभावी ऑडिटर मत द्यायलाच नकार देतो.

‘एम्फसिस ऑफ मॅटर’ हा परिच्छेद वेगळा. समजा, याच कारखान्यावर पावणेदोन कोटींच्या कराची मागणी आहे आणि खटला चालू आहे. कंपनीने ते टीप क्रमांक ३१ मध्ये नीट लिहिले आहे. ऑडिटर म्हणतो, “टीप ३१ कडे लक्ष वेधतो, याबाबत आमचे मत बदललेले नाही.” म्हणजे नोंद बरोबर आहे, पण ती टीप वाचल्याशिवाय पान उलटू नका. टीप अपुरी असती, तर मात्र मतच क्वालिफाइड व्हायला हवे होते. ज्या गोष्टीवर आक्षेप घ्यायला हवा, ती ‘लक्ष वेधतो’ म्हणून सौम्य करता येत नाही. म्हणून टीप उघडून पाहावी. तिथे रक्कम आणि कारण स्पष्ट दिलेले नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. कंपनी पुढे चालेल की नाही याचीच मोठी शंका असेल, तर त्यासाठी ‘गोइंग कन्सर्न’चा वेगळा मथळा असतो.

यानंतर दोन ठिकाणी नजर टाकावी. कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार प्रत्येक क्वालिफिकेशनचे स्पष्टीकरण संचालक मंडळाने आपल्या अहवालात द्यायचे असते. “मोजणी जूनमध्ये पूर्ण केली, एवढा फरक निघाला” हे उत्तर झाले. “योग्य ती कार्यवाही सुरू आहे” हे उत्तर नव्हे. दुसरे म्हणजे मागच्या वर्षीचा अहवाल. तोच परिच्छेद सलग तीन वर्षे आला, तर नोंदवही अजून लिहिलीच जात नाही, असे समजावे.

आणि स्वच्छ मत म्हणजे हमी नव्हे. हैदराबादच्या सत्यमच्या अहवालांवर ऑडिटरचे मत स्वच्छच होते. जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले, की दाखवलेल्या रोकड व बँक शिलकेतले पाच हजार कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नाहीत. म्हणून स्वच्छ मत पाहून निर्धास्त होऊ नये. आणि ऑडिटरने स्वतःहून ‘वगळता’ लिहिले असेल, तर तो परिच्छेद आधी वाचावा, लाभांशाचा आकडा नंतर.