बिंदू हलला, पान बदललं

‘नांव’ हा शब्द आजोबांच्या पिढीने डोक्यावर बिंदू देऊन लिहिला. अनुस्वार आधी लावणाऱ्या कोशात तो ‘नाक’च्याही आधी सापडे, कारण अशा कोशात ‘नां’ संपल्याशिवाय साध्या ‘ना’ची पाळी येत नाही. पाण्यातली ‘नाव’ मात्र ‘नायक’, ‘नाल’ यांच्यानंतर, बरीच पानं पुढे. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही शब्द एकाच जागी आले. ‘पांच’ आणि ‘कांही’ही असेच सरकले. जुना कोश चाळताना शब्द हाती लागत नसेल, तर आधी बिंदू देऊन पाहावं. माझा निम्मा शोध तिथेच संपतो.

संस्कृत कोशांची रीत याहून जुनी आणि माझ्या मते अधिक तर्कशुद्ध. मोनियर-विल्यम्सच्या 1899च्या कोशात ‘संयम’ हा ‘स’च्या सुरुवातीच्या पानांत आहे, कारण य-आधीचा अनुस्वार खरा अनुस्वार. ‘संधि’ मात्र तिथे नाही. ध-आधीचा बिंदू म्हणजे ‘न्’, म्हणून हा शब्द ‘सन्धि’ समजून न-च्या जागी, बऱ्याच पुढे लावला आहे. म्हणजे तिथे क्रम लागतो तो उच्चाराचा. मराठीने बिंदूच लिहायचा असं ठरवल्यावर क्रमही लिहिलेल्या बिंदूचाच झाला.

जोडाक्षरांबद्दल उगाच धास्ती असते. ‘क्रम’ हा ‘कौल’नंतर का? कारण ‘क’ म्हणजे क् अधिक अ, ‘कौ’ म्हणजे क् अधिक औ, आणि ‘क्र’मध्ये क् नंतर येतो र्. वर्णमालेत सगळे स्वर आधी, व्यंजनं नंतर. एवढं ध्यानात आलं की वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. कुरकुर फक्त ‘क्ष’, ‘ज्ञ’ची. त्यांना क आणि ज खाली ठेवणारे कोश आहेत, वर्णमालेच्या शेपटाला ठेवणारेही आहेत.

मग संगणक आला. युनिकोडच्या नुसत्या अंकांनी यादी लावली, तरी बिंदू आणि जोडाक्षरं बहुतेक मराठी वळणानेच बसतात: कंद, कक्ष, काम, कौल, क्रम. फसतो तो ‘ळ’. त्याला ‘ल’च्या शेजारी क्रमांक मिळालाय, म्हणून ‘मळणी’ ही ‘महिना’च्या आधी येते, आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर. ‘ॲ’ची गत आणखी वाईट. 2009च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत तो ‘ए’नंतर आहे, पण युनिकोडमध्ये 2008 साली उशिरा दाखल झाल्याने त्याचा अंक सगळ्या व्यंजनांच्या पलीकडचा. ‘ॲसिड’ त्यामुळे ‘हौद’च्याही मागे जातं. आणि कुणी ‘अ’वर चंद्र देऊन तोच शब्द टाइप केला, तर तो ‘आई’च्या आधी उगवतो. दिसायला दोन्ही सारखेच.

अकारविल्हे सूची छापायला देण्याआधी तिच्यात मळणी, महिना आणि दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेलं ॲसिड घालून एकदा क्रम लावून बघा.